बाहेरच्या लाकडी टेबलासाठी गम : एका व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

«टेबल अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचं असेल तर डोळे झाकून पीयू गम घ्या. तो फुगून सगळ्या फटी भरून काढतो. पांढरा गम पहिल्याच पावसात विरघळतो. पैशांचा प्रश्न नसेल तर इपॉक्सी लावा, मग ऊन-पाऊस काहीही होवो, सांधा जन्मात सुटणार नाही. आणि एवढा तगडा गम असला की सगळं घट्ट चिकटवून टाका, स्क्रू कशाला हवेत?»

फेसापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त टेबलं त्याच गैरसमजातून खिळखिळी होतात. पॉलियुरेथेन म्हणजेच पीयू गम लाकडातल्या आणि हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतो. त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि गम फुगतो. सांध्याबाहेर आलेला वाळलेला फेस नखाने दाबून पाहा, तो चुरगळतो. आत बुडबुडेच बुडबुडे दिसतात. फटीत शिरलेला फेसही तसाच असतो. फट भरलेली दिसते, पण भार पेलायला तिथे काहीच नसतं. या गमची खरी ताकद दाबाखाली बनलेल्या पातळ, सलग थरात असते. म्हणून सांधा नेमका जुळलेला हवा आणि गम घट्ट होईपर्यंत क्लॅम्पही आवळलेले हवेत. क्लॅम्प सैल ठेवला तर फुगणारा गमच दोन फळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो.

सांधा किती जुळलाय हे पाहायची सोपी रीत आहे. गम न लावता तो कोरडाच बसवा आणि लिहायच्या कागदाची पट्टी फटीत सरकवून बघा. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तो सहज आत जात असेल तर ती जागा पीयूची नाही आणि पांढऱ्या गमचीही नाही. एक तर रंधा मारून सांधा पुन्हा जुळवायचा, नाहीतर तिथे इपॉक्सी वापरायचा.

पीयूचे खरे गुण वेगळे आहेत. किंचित दमट लाकडावर तो पकड घेतो आणि उन्हात तापल्यावर पांढऱ्या गमपेक्षा कमी मऊ पडतो. लाकूड फारच कोरडं असेल तर एका बाजूवर ओलसर फडकं फिरवून मग दुसऱ्या बाजूला गम लावतात. दमट लाकडावर चालतो म्हणून ओल्या फळ्यांचं टेबल मात्र करू नये. त्या वाळताना आकसतात आणि गम धरून राहिला तरी फळी तडकते.

आता पांढऱ्या गमविषयी. पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे एका कुटुंबाचं नाव आहे, एकाच गमचं नाही. त्यातला साधा, घरातल्या फर्निचरसाठी असलेला गम पाण्यात मऊ पडतो, त्यामुळे तो बाहेर नको, हे म्हणणं रास्त आहे. पण ईएन २०४ या युरोपीय मानकात लाकडाच्या अशा गमचे डी १ ते डी ४ असे वर्ग केलेले आहेत. डी ३ चे चिकटवलेले नमुने चार दिवस पाण्यात ठेवून ओलेच ओढून तपासतात. डी ४ चे नमुने सहा तास उकळत्या पाण्यात आणि मग दोन तास गार पाण्यात ठेवतात. त्यानंतरही ओल्या सांध्याने दर चौरस मिलिमीटरला किमान ४ न्यूटन ताण सोसला पाहिजे. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलोंचा भार झाला. पावसात विरघळणारा गम या परीक्षेत उभाच राहू शकत नाही.

याच मानकातली एक अट मात्र विसरायची नाही. डी ४ उघड्यावर चालतो, पण लाकडाच्या पृष्ठभागाला तेलाचं किंवा रंगाचं पुरेसं संरक्षण असेल तरच. डी ३ छपराखालच्या व्हरांड्यात चालेल, पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या टेबलाला नाही. डब्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं पुरेसं नाही, वर्ग वाचून घ्या. शिवाय हा गम तासाभरात पकडतो असं वाटलं तरी पाण्याविरुद्धची त्याची पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो. तोपर्यंत टेबल पावसात नेऊ नये.

पांढऱ्या गमची खरी कमजोरी पाण्यापेक्षा उष्णतेत आहे. तो तापला की थोडा मऊ होतो आणि सतत ताणाखाली असेल तर हळूहळू सरकतो. गडद रंगाचं टेबल भर उन्हात हात ठेवता येणार नाही इतकं तापतं. नुसत्या फळ्या कडेला कड जोडलेल्या असतील, तर त्या सांध्यावर कायमचा ताण फारसा नसतो, म्हणून तिथे हे चालून जातं. वाकवून एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्यांना मात्र सतत सरळ व्हायचं असतं. टेबलाला असे वळणदार पाय असतील तर तिथे मी पीयूच वापरेन.

इपॉक्सीवर लोकांचा सर्वांत मोठा विश्वास आहे आणि त्याचा सर्वांत चुकीचा वापरही होतो. फटी भरून ताकद टिकवणं या तिघांत त्यालाच जमतं, कारण तो घट्ट होताना फुगत नाही आणि जवळजवळ आकसतही नाही. पण क्लॅम्प पिळून आवळले की सगळा इपॉक्सी बाहेर येतो आणि सांधा आतून कोरडा राहतो. बाहेर ओघळ दिसतात, म्हणून भरपूर लागलाय असं वाटतं. योग्य रीत अशी : राळ आणि हार्डनर हे त्याचे दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात मोजून घ्यायचे, लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर वाढवायचा नाही. दोन्ही बाजूंना आधी पातळ हात फिरवायचा आणि लाकडाला तो पिऊ द्यायचा. मग उरलेल्या मिश्रणात बारीक लाकडी पीठ किंवा सिलिका पावडर घालून ते दाट करायचं, तो थर लावायचा आणि सांधा फक्त जागेवर धरून राहील इतकाच दाब द्यायचा.

आणि ‘जन्मात’? खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे बरेच इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. उन्हातलं काळपट टेबल तिथवर पोचू शकतं. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी उघडा इपॉक्सी पिवळा पडतो आणि पुढे भुकटीसारखा सुटतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत १९९०च्या दशकात पुढे आली. लाकूड पुन्हापुन्हा भिजवून वाळवलं की इपॉक्सीचा सांधा लाकडापासून सुटू लागतो. तो टिकवण्यासाठी तिथल्या संशोधकांनी आधी लाकडाला लावायचा एक वेगळा रासायनिक थर तयार केला. इपॉक्सीला स्वतःला पाण्याने फारसं काही होत नाही, पण त्याच्या शेजारचं लाकूड फुगतं आणि आकसतं. घट्ट, न लवचणाऱ्या थराला ती ओढाताण सहन होत नाही.

सगळं चिकटवून टाकायच्या सल्ल्याचं उत्तरही याच हालचालीत आहे, आणि माझ्या मते टेबल वाचतं की फुटतं हे इथेच ठरतं. ८० सेंटिमीटर रुंदीचा सागवानी माथा घ्या, १० सेंटिमीटरच्या आठ फळ्या कडेला कड जोडून केलेला. सागवान ओल्यापासून, म्हणजे सुमारे ३० टक्के ओलाव्यापासून, पूर्ण कोरडं होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं. म्हणजे लाकडातला ओलावा एक टक्का बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्का बदलते. उन्हाळ्यात ओलावा १० टक्के आणि पावसाळ्यात १६ टक्के झाला, तर माथा सुमारे ९ मिलिमीटरने रुंद होईल. लांबीत मात्र फरक नगण्य असतो. आता या माथ्याच्या टोकाला एक आडवी पट्टी पूर्ण रुंदीभर चिकटवली तर माथा ९ मिलिमीटर सरकू पाहणार आणि पट्टी हलणार नाही. गम कमकुवत असेल तर सांधा सुटेल. गम भक्कम असेल तर फळीच चिरेल. दोन्हींत गम बदलून काहीच साधत नाही.

म्हणून अशी पट्टी फक्त मधल्या काही सेंटिमीटरवर चिकटवतात आणि दोन्ही टोकांना लांबट भोकांतून स्क्रू घेतात. माथा खालच्या चौकटीवरही तसाच बसवतात, गमशिवाय. मध्ये स्क्रू पक्का, आणि कडेला प्रत्येक दिशेने ५-६ मिलिमीटर सरकायला जागा. उघड्यावरच्या टेबलाला मी तर माथ्याच्या फळ्या मुळात चिकटवणारच नाही. फळ्यांमध्ये ५ मिलिमीटरची फट ठेवली की प्रत्येक फळी आपापली सव्वा मिलिमीटरच्या आत हलते आणि पाणीही खाली निघून जातं.

मग गमचं काम उरतं ते मुख्यतः पाय आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात. पट्टीचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, पायातल्या खाचेत बसतो. सहा सेंटिमीटर रुंद कुसू वर्षभरात पाऊण मिलिमीटरच्या आतच हलतो, तेवढं लाकूड सोसतं. पट्टी १२ सेंटिमीटरची असेल तर एका रुंद कुसूऐवजी दोन अरुंद करावेत. सांधा कागदाच्या परीक्षेत उतरला तर डी ४ पांढरा गम, सैल झाला असेल तर दाट केलेला इपॉक्सी. माथा सलग हवाच असेल तर त्याच्या कडांनाही डी ४.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे कोणताही गम लावण्याआधी त्याच दिवशी रंधा मारून ताजा पृष्ठभाग काढा किंवा ॲसिटोनने पुसून घ्या. गमची शंका असेल तर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवा. आठवड्याने रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, असं काही वेळा करा आणि मग पटाशीने फोडा. तुटलेल्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू ओढून आलेले दिसले तर सांधा लाकडापेक्षा भक्कम होता. गुळगुळीत, चकचकीत थर दिसला तर गमने लाकूड धरलंच नव्हतं. मग पृष्ठभाग, दाब किंवा मिश्रण यांत काय चुकलं ते शोधायचं.

इपॉक्सीला सर्वांत योग्य जागा टेबलाच्या पायांच्या तळाला आहे. तिथले उघडे तंतू जमिनीवरचं पाणी स्ट्रॉसारखं वर ओढतात. टेबल उलटं करून पातळ इपॉक्सी तिथे लावायचा, तो पिऊन झाला की पुन्हा लावायचा, लाकूड पिणं थांबेपर्यंत. त्या जागी ऊन पोचत नाही, त्यामुळे तो भुकटी होऊन सुटायची भीतीही नाही.