‘रुमाल ८’ एवढ्यावर कागद सापडत नाही

“मोडी कागदाचं लिप्यंतर नीट झालं की काम संपलं. खाली ‘पेशवे दफ्तर, पुणे’ एवढं लिहिलं तरी पुरे. पान कितवं, कोणी वाचलं, कधी वाचलं हे नुसते सोपस्कार आहेत. शंका आलीच तर फोटो असतोच.”

असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, पण मला ते पटत नाही. आधी ‘पेशवे दफ्तर’ या दोन शब्दांचं बघू. पुण्याच्या पुराभिलेखागारातला मूळ संग्रह म्हणजे पेशवे दफ्तर. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले, त्या खंडांनाही बोलताना आपण पेशवे दफ्तरच म्हणतो. मग ‘पेशवे दफ्तर १०’ म्हणजे छापील दहावा खंड की दहावा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा? रुमाल धरला तरी तो दफ्तराच्या कोणत्या विभागातला, रोजकीर्दीचा, घडणीचा की प्रांत अजमासाचा? माझ्याकडे एकदा एक टंकलिखित प्रत आली होती, वर फक्त ‘रुमाल ८’. दोन दिवस वेगवेगळ्या विभागांतले आठ नंबरचे रुमाल सोडून बघितले. कागद मिळाला नाही. तो खोटा होता असं मी म्हणत नाही, पण आज मला तो वापरताही येत नाही.

छापील खंडातून घेतलं असेल तर खंड आणि लेखांक द्यावा. मूळ बघितलेलं नसताना रुमालाचा क्रमांक उसना घेऊ नये.

पान क्रमांकाची खरी अडचण वेगळीच आहे. रुमालातले सुटे बंद, म्हणजे सुटे कागद, पुष्कळदा बिनक्रमांकाचे असतात. आपण मोजून ‘१४’ ठरवतो आणि पुढचा माणूस रुमाल बांधताना कागद वरखाली करतो. म्हणून आपला आकडा चौकटी कंसात टाकावा, समोरची बाजू ‘अ’ आणि पाठ ‘ब’ म्हणावी, आणि कागदाचे पहिले व शेवटचे चार-पाच शब्द टिपून ठेवावेत. क्रमांक हलला तरी या शब्दांवरून कागद ओळखता येतो. पाठीवर बहुधा पोचल्याची नोंद किंवा शेरा असतो. फोटोंत नेमकी हीच बाजू राहून जाते, त्यामुळे ‘फोटो असतोच’ यावर फार भिस्त ठेवू नये.

आता वाचणाऱ्याचं नाव. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, शब्द तोडत नाहीत. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, हे वाचणाराच ठरवतो. ‘प॥’ आहे तसं ठेवायचं की ‘परगणे’ असं उलगडायचं, हेही त्याच्याच हातात. म्हणजे देवनागरीत जे दिसतं त्यात त्याचे निर्णय मिसळलेले असतात. ते त्याचे आहेत हे कळायला नाव हवं, आणि कुठे काय केलं हे कळायला खुणा हव्यात: भर घातली तर [ ], वाचन संशयित असेल तर (?), फाटलं असेल तर ‘…’.

तारखेत हे सगळ्यात महाग पडतं. समजा कागदावर ‘छ १२ रमजान, इहिदे सबैन मया व अलफ’ आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातला दिवस. पुढचे अरबी शब्द म्हणजे सुहूर सन ११७१, जून १७७० च्या सुरुवातीपासून पुढचं वर्ष. बारावा चंद्र साधारण ३० डिसेंबर १७७० ला येतो. तोच आकडा कोणी २२ वाचला तर तारीख ९ जानेवारी १७७१ च्या आसपास जाते आणि सालच बदलतं. छापताना नुसतं ‘१७७१’ दिलं, तर चूक वाचनात झाली की रूपांतरात, हे पुढच्याला कधीच कळणार नाही. मूळ शब्द तसेच ठेवून इसवी तारीख कंसात दिली, तर तो दोन मिनिटांत तपासू शकतो.

‘कधी वाचलं’ हा सोपस्कार वाटतो खरा. पण जुन्या लिप्यंतरात पूर्ण असलेली ओळ आज कागदावर अर्धीच दिसते, कारण मधल्या काळात कोपरा तुटलेला असतो. वाचल्याची तारीख दिसली की त्या ओळीवर विश्वास ठेवता येतो. तारीख नसेल, तर ती ओळ वाचणाऱ्याने अंदाजाने भरली असंही वाटू शकतं.

नमुना असा, यातले आकडे काल्पनिक:

पुणे पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर, प्रांत अजमास, रुमाल ११२, सुटा बंद [१४] अ-ब. आरंभ ‘राजश्री पंत स्वामीचे सेवेसी’. लिप्यंतर: (पूर्ण नाव), मूळ कागदावरून, मार्च २०२४. दुसरं वाचन: (पूर्ण नाव), फोटोवरून. संक्षेप उलगडलेले, शुद्धलेखन मूळचंच.

हे लिहायला पाच मिनिटं लागतात, तीही रुमाल समोर उघडा असेल तर. घरी येऊन आठवून लिहायला बसलं, की ‘११२’ होता की ‘१२१’ इथेच गाडी अडते.