कललेला आयत म्हणे! "बाजू गुणिले बाजू"वाल्या फॉरवर्डला उत्तर

"पालकांनो जागे व्हा 🙏 १) सहावी-सातवीला कागद कापत बसवणं म्हणजे तास घालवणं, सूत्र पाठ असलं की बास. परीक्षेला कात्री नेऊ देतात का? २) समांतरभुज चौकोन म्हणजे नुसता कललेला आयत. मनात सरळ उभा करा आणि बाजू × बाजू करा, उंचीची भानगडच नको. ३) कागद कापून काहीही सिद्ध होतं, ८ × ८ चा चौरस कापून ५ × १३ चा आयत होतो, ६४ चे ६५! ४) त्रिकोणाचा आयत फक्त काटकोनवाल्याचाच होतो, बाकीच्यांचा नाही. ५) हे सगळं परदेशी फॅड आहे. प्रत्येक पालकापर्यंत पोचवा."

पोचलं की. परवा रात्री साडेदहाला आमच्या ताईपर्यंत पोचलं, आणि तिनं मला पाठवून खाली लिहिलं, "खरंय का गं हे? पोरीनं वहीत खाडाखोड करून सगळीकडं ४० लिहिलंय." मी सोलापुरातच सहावी-सातवीला गणित शिकवते, गेली बरीच वर्षं तेच कागद कापतेय, त्यामुळं झोप उडाली. भाचीचं गणित साधं होतं, समांतरभुज चौकोन, पाया ८ सेमी, तिरकी बाजू ५ सेमी, उंची ४ सेमी. आधी तिनं बरोबर ३२ लिहिलेलं. फॉरवर्ड वाचून खोडलं.

म्हणून पहिला नंबर राहू दे, आधी दोन नंबरवर येते, कारण बाकीचं नुसतं अडाणीपण आहे पण हे पोरांचं नुकसान करणारं आहे.

झाडूच्या चार काड्या घ्या, दोन ८ सेमीच्या, दोन ५ च्या. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे घालून कोपरे जोडा, म्हणजे चौकट हलती राहील. सरळ उभी धरली की आयत, ८ × ५, ४० चौसेमी. आता हळूहळू एका बाजूला कलवा. काड्या त्याच, बाजू त्याच, परिमिती २६ ची २६. आणि आतली जागा? उंची ४ वर आली की ३२, उंची २ वर आली की १६, आणि अजून दाबत गेलात तर चौकट टेबलावर आडवी, आत काही नाही, शून्य. बाजू × बाजू मात्र अजून ४० च म्हणतंय! मनात सरळ उभा करायचा म्हणे. उभा करतानाच तर तुम्ही क्षेत्रफळ वाढवलं की.

काड्या नकोत तर चादर घ्या, सोलापुरात ती कुणाकडं नाही? धुतलेली चादर दोघींनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून ओढली की काय होतं, ती लांबुडकी आणि अरुंद होते. उभे धागे तेवढेच, आडवे धागे तेवढेच, एकही धागा तुटला नाही की वाढला नाही, तरी अंथरली तर पहिल्यापेक्षा कमी जागा झाकते. पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला विचारा, तो सूत्राशिवाय सांगेल.

आता पोरांचा गोंधळ खरा कुठं होतो ते सांगते, कारण हा फॉरवर्ड लिहिणाराही तिथंच घसरलाय. कलवायचे दोन प्रकार आहेत. एक ही काड्यांची चौकट, दुसरा वह्यांचा गठ्ठा. टेबलावर तीसेक वह्या सरळ रचा आणि बाजूनं हात लावून गठ्ठा तिरका सरकवा, समोरून बघितलं की समांतरभुज चौकोनच दिसतो. इथं समोरून दिसणारी जागा अजिबात बदलत नाही, कारण प्रत्येक वही तेवढीच लांब आणि गठ्ठ्याची उंचीही तेवढीच. बदलली ती तिरकी कड, ती लांब झाली. म्हणजे चौकटीत बाजू टिकते आणि उंची जाते, गठ्ठ्यात उंची टिकते आणि बाजू वाढते. क्षेत्रफळ दोन्ही वेळा उंचीबरोबर जातं, बाजूबरोबर नाही. मी वर्गात दोन्ही एकाच तासाला ठेवते, एकटी चौकट दाखवली तर पोरं "कलला की क्षेत्रफळ कमी होतं" एवढंच धरून बसतात.

आणि मग कागद. चौकटीच्या वहीत तोच ८-५-४ वाला काढा, कापून घ्या. वरच्या डाव्या शिरोबिंदूतून पायावर गुण्या लावून लंब टाका. गुण्या लावूनच, अंदाजानं नाही, निम्मी पोरं इथंच तिरकं कापतात आणि मग शेवटी आयताचे कोपरे जुळत नाहीत. लंबावर कापलं की डावीकडं एक काटकोन त्रिकोण सुटतो, ३, ४ आणि ५ बाजूंचा. तो फिरवायचा नाही, उलटायचा नाही, नुसता उजवीकडं ८ सेमी सरकवायचा. बरोबर बसतो. झाला ८ × ४ चा आयत. ना काही टाकलं, ना काही जोडलं.

इथं मी पोरांना एकच प्रश्न विचारते, ५ ची बाजू कुठं गेली? शोधतात, शोधतात, आणि मग कुणीतरी बोट ठेवतं, "मॅडम, ती आतल्या सांध्यात गेली." हो! तिरकी बाजू आयताच्या कडेला कुठंच नाही, ती दोन तुकड्यांच्या मधल्या रेघेत गडप झाली. म्हणून ती गुणाकारात येत नाही. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पोरगं ८ × ५ करायच्या आधी थांबतं. नुसतं सूत्र पाठ असलेलं थांबत नाही, त्याला "पाया गुणिले" एवढं आठवतं आणि पुढं समोर दिसेल तो आकडा.

नंबर तीन. हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतंय. ८ × ८ च्या चौरसाचे दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन करून ते ५ × १३ मध्ये रचले की खरंच बसल्यासारखे दिसतात. दिसतात. पण मधली तिरपी रेघ सरळ नसतेच, त्रिकोणाचा उतार ८ ला ३ आहे आणि समलंबाचा ५ ला २, म्हणजे ०.३७५ आणि ०.४. त्यामुळं मधे एक फट राहते, जवळजवळ १४ सेमी लांब आणि रुंद असेल तिथंही जेमतेम एक मिलिमीटर. तिचं क्षेत्रफळ बरोबर १ चौसेमी, तोच तो चोरीचा एक. जाड पेननं रेघ मारली की झाकून जाते. गंमत म्हणजे ती फट स्वतःच एक समांतरभुज चौकोन आहे, आणि फॉरवर्डवाल्यांच्या शॉर्टकटनं तिच्या बाजू गुणल्या तर १ च्या जागी चाळीसच्या वर आकडा येतो.

पण मुद्दा घेते मी. तुकडे बसल्यासारखे दिसले म्हणजे बसले असं नाही, आणि जे शिक्षक कापायला लावून "बघा झाला आयत" म्हणून पुढं जातात ते अर्धंच शिकवतात. सरकवलेली कड का जुळली ते विचारायला पाहिजे. आपल्या चौकोनात ती जुळते कारण समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि समांतर आहेत, आणि तळ सरळ राहतो कारण त्या तुकड्याचा कोन आणि शेजारचा कोन मिळून १८० होतात. ६४-६५ मध्ये असं कारण देताच येत नाही, तिथंच तो पकडला जातो.

चौथा मुद्दा लिहिणाऱ्यानं कात्री हातात धरलीच नसावी. विशालकोन त्रिकोण घ्या, आपलाच चौकोन मोठ्या कर्णावर कापला की मिळतो, बाजू ८, ५ आणि साधारण ११.७. पाया ८ ठेवला तर लंब बाहेर पडतो, पोरं अडतात, बरोबर. अहो मग कागद फिरवा की! सगळ्यात मोठी बाजू खाली घ्या, लंब आतच पडतो, कुठल्याही त्रिकोणात. आता दोन्ही तिरक्या बाजूंचे मध्य काढा, तिथून पायावर लंब टाकून दोन्ही कोपरे कापा आणि प्रत्येक कोपरा आपापल्या मध्याभोवती अर्धा फेरा वर फिरवा. आयत तयार, रुंदी पायाच्या निम्मी, उंची पूर्ण. किंवा सोपं हवं तर तसाच दुसरा त्रिकोण कापून अर्धा फेरा देऊन जोडा, समांतरभुज चौकोन मिळतो, तो कसा कापायचा ते वर आलंच. फक्त फिरवायच्या ऐवजी पोरं उलटतात आणि मग पतंग तयार होतो. यासाठी मी घोटीव कागद देते, एका बाजूला रंग असतो, पांढरं वर आलं की कुणी उलटलंय ते लांबूनच कळतं.

समांतरभुज चौकोनातही तीच गोष्ट, फार कललेला असला आणि आखूड बाजू पाया धरली तर लंब बाहेर जाऊ शकतो. लांब बाजू पाया धरा, एका कापात काम होतं.

परदेशी फॅड. बरं. आर्यभटीय, इ.स. ४९९, गणितपाद, सहावा श्लोक: "त्रिभुजस्य फलशरीरं समदलकोटी भुजार्धसंवर्गः". लंब आणि निम्मा पाया यांचा गुणाकार. बघा, "पाया गुणिले उंची आणि त्याचं निम्मं" असं नाही म्हणलेलं, निम्मा पाया आणि लंब, म्हणजे वरच्या परिच्छेदात कात्रीनं जो आयत निघाला त्याच्याच दोन बाजू. आर्यभटांनी कागद कापला असं मी म्हणत नाही. पण सूत्राच्या आत आकृती बसलीय ती अशी. आणि पाठांतरवाल्यांसाठी अजून एक, त्याच श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत त्रिकोणी सूचीचं घनफळ दिलंय, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या निम्मं. ते चुकलंय, तिथं तृतीयांश पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसाची ओळसुद्धा नुसती पाठ करून चालत नाही.

राहिला पहिला नंबर. परीक्षेत कात्री नेत नाहीत, खरंय, पण परीक्षेत ८, ५, ४ तिन्ही आकडे देतात आणि पर्यायात ४० ठेवतात, तो कशासाठी ठेवतात असं वाटतं? दोन तास जातात याला, जास्त नाही.

हे सगळं ताईला व्हॉइस मेसेजवर सांगितलं, आणि भाचीला एकच काम दिलं, तोच चौकोन फिरवून ५ ची बाजू खाली घे आणि नवी उंची मोजून सांग. ती ६.४ यायला पाहिजे, म्हणजे ५ × ६.४ पुन्हा ३२. लंब पाया संपायला दोनच मिलिमीटर बाकी असताना पडतो, त्यामुळं कापायला जरा अवघड आहे. काल रात्री तिचा मेसेज आला, "मावशी ६.३ आली, ३१.५ होतंय, अर्धा चौसेमी कुठं गेला?" गुण्या नीट लावला होतास का विचारलं तर गप्प. आता तिसरा कागद कापतेय, आणि ताई म्हणते घरभर कपटे झालेत.