अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब आणि चौथी रात्र

«ड्युटी लिस्टला थकव्याचे गुण द्यायचे हे नवीन खूळ आहे. आठवड्याचे तास ४८ च्या आत बसले की लिस्ट सुरक्षित. नाईट सलग द्याव्यात, तिसऱ्या रात्रीपासून शरीराला सवय होते. दोन ड्युट्यांमध्ये आठ तास मिळाले की झोप पूर्ण होते. ऑफ तोडून देण्यापेक्षा सलग काम करून घेतलेले सगळ्यांनाच आवडते.»

हा मजकूर महिनाभर सिस्टरांच्या ग्रुपवर फिरत होता आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने तिच्या वॉर्डाच्या कच्च्या लिस्टवर हरकत घेतली, तेव्हा इनचार्ज सिस्टरने उत्तर म्हणून तिला हाच मजकूर पाठवला. मी स्वतः अकरा वर्षे वॉर्डाच्या ड्युटी लिस्ट केल्या आहेत. त्यामुळे आता गप्प राहणे मला जमणार नाही.

सर्वांत घातक विधान झोपेच्या आठ तासांचे आहे, म्हणून सुरुवात तिथून करते. भाचीच्या रुग्णालयात सकाळची पाळी ७ ते २, दुपारची २ ते ९ आणि रात्रीची ९ ते ७ अशी असते. दुपारची पाळी करून दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे असेल तर मध्ये कागदावर १० तास दिसतात. प्रत्यक्षात हँडओव्हर देऊन ती साडेनऊला वॉर्डाबाहेर पडते, बस मिळून घरी पोहोचेपर्यंत साडेदहा होतात, आणि जेवण, आंघोळ उरकून पाठ टेकायला बारा वाजतात. सकाळी सातला हजर राहायचे तर पाचला उठावे लागते, म्हणजे दहा तासांतून हाती आलेली झोप पाच तासांची. आठच तास मिळाले असते तर ती तीन तासांवर आली असती. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी विभागाने, म्हणजे एचएसईने, २००६ साली पाळ्यांविषयी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांचे अंतर सांगितले आहे, आणि तिथल्या कायद्यातली किमान विश्रांतीही ११ तासांची आहे; प्रवास, जेवण आणि झोप हे सगळे त्यात बसावे लागते.

रात्रींच्या सवयीबद्दल सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांचा २००३ सालचा आढावा पुरेसा आहे. पाळ्यांमधील अपघात आणि दुखापतींचे अनेक अभ्यास एकत्र करून फोकार्ड आणि टकर यांना असे दिसले की पहिल्या रात्रीच्या तुलनेत धोका दुसऱ्या रात्री सुमारे ६ टक्क्यांनी, तिसऱ्या रात्री १७ टक्क्यांनी आणि चौथ्या रात्री ३६ टक्क्यांनी जास्त असतो. सवय होत असती तर हे आकडे उतरायला हवे होते. ते चढतात, कारण रात्र संपवून घरी जाणाऱ्या माणसाला वाटेत ऊन लागते, शरीराचे घड्याळ पुन्हा दिवसावर येते, आणि दुपारची झोप तुटक होते. भाचीच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर आहे, अकरा वाजता नळाला पाणी येते आणि एकला शाळेतून मुले परततात. रोज दोनेक तासांची उधारी साठत जाते आणि ती चौथ्या पहाटे वसूल होते. तिने मला सांगितले की त्या पहाटे चार वाजता इन्सुलिनचे युनिट तीनदा वाचूनही आकडा डोक्यात शिरत नव्हता, म्हणून तिने सोबतच्या सिस्टरला उठून बघायला लावले.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की समुद्रातल्या तेलफलाटांवर काम करणाऱ्यांचे घड्याळ पाच-सहा रात्रींत बरेचसे सरकते. पण ते तिथेच राहतात, दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपतात आणि घरचे कोणतेही काम त्यांच्या वाट्याला नसते.

आता तासांच्या बेरजेकडे वळते, आणि त्यासाठी भाचीची कच्ची लिस्टच घेते. पहिल्या आठवड्यात सोमवारी ऑफ, मंगळवार-बुधवार दुपार, गुरुवार सकाळ, शुक्रवार दुपार, शनिवार-रविवार रात्र. दुसऱ्या आठवड्यात सोमवार-मंगळवार रात्र, बुधवारी ऑफ, गुरुवार दुपार आणि पुढचे तीन दिवस सकाळ. दोन्ही आठवडे बरोबर ४८ तासांचे भरतात, आणि सलग चार रात्री रविवार-सोमवारच्या रेघेवर दोन-दोन अशा तुटून दिसेनाशा होतात.

गुण देण्याची माझी रीत साधी आहे. पहिल्या रात्रीला १ गुण, आणि पुढे वाढलेल्या दर सुमारे ६ टक्क्यांना आणखी १, म्हणजे चार रात्रींना १, २, ४ आणि ७. अंतर ११ तासांपेक्षा कमी असेल तर कमी पडलेल्या दर तासाला पुढच्या ड्युटीवर २ गुण. सलग सहाव्या ड्युटीपासून प्रत्येक ड्युटीला १ गुण, आणि ही साखळी तुटते ती मध्ये दोन रात्रींची पूर्ण झोप मिळाली तरच. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण भाचीचा बुधवारचा ऑफ सकाळी सातला वॉर्डातच सुरू होतो आणि गुरुवारी दुपारी दोनपर्यंत तिच्या वाट्याला एकच रात्र येते.

या हिशेबाने पहिल्या गुरुवारी २, मग चार रात्रींना १, ३, ५ आणि ८, आणि पुढच्या चार दिवसांना १, ३, १ आणि १ असे एकूण २५ गुण होतात. एकूण गुणांपेक्षा तो ८ चा आकडा आधी पाहावा. सरासरी काढली तर बारा ड्युट्यांना जेमतेम दोन-दोन गुण येतात आणि लिस्ट निरुपद्रवी वाटते, पण चूक सरासरीच्या दिवशी होत नाही, ती मंगळवारची रात्र सरताना, बुधवारच्या पहाटे होते.

हे गुण कोणाची चूक कधी होईल ते सांगत नाहीत, आणि माझे आकडे ढोबळ आहेत. लिस्ट कच्ची असताना कुठे हात घालायचा, एवढेच त्यांतून कळते. आणखी एक काळजी घ्यावी लागते: महिन्याच्या १ तारखेची मोजणी मागच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू करावी, नाहीतर आधीच झालेल्या रात्री हिशेबातून गळतात.

ऑफ साठवण्याची आवड खरी आहे. गावी जायला चार दिवस एकदम कोणाला नको असतात? पण ते दिवस कमावण्यासाठी दहा-बारा ड्युट्या ओळीने लावल्या, तर शेवटच्या ड्युट्यांना पेशंटच्या खाटेशी कोण उभे आहे तेही पाहावे लागेल.

आम्ही केलेली दुरुस्ती अशी: सोमवार-मंगळवारच्या दोन रात्री दुसऱ्या सिस्टरकडे गेल्या आणि बदल्यात तिच्या दिवसाच्या ड्युट्या भाचीने घेतल्या. आता पहिल्या आठवड्यात मंगळवार-बुधवार सकाळ, गुरुवार-शुक्रवार दुपार, शनिवार-रविवार रात्र; दुसऱ्या आठवड्यात सोमवारी ऑफ आणि मंगळवारपासून रविवारपर्यंत दुपार. तास ९६ चे ९० झाले, गुण २५ वरून १० वर आले आणि सर्वांत जड ड्युटी ८ वरून ३ वर उतरली. दुसऱ्या सिस्टरची लिस्टही त्याच दिवशी पुन्हा मोजली, कारण एकीचा भार दुसरीवर टाकून गुण कमी करणे ही दुरुस्ती नव्हे. उरलेल्या १० पैकी ६ गुण शेवटच्या सहा दुपारींचे आहेत. सोमवारला जोडून मंगळवारचाही ऑफ दिला तर साखळी तुटते आणि ते सहाही जातात. त्यासाठी मंगळवारी दुपारी एक सिस्टर कमी पडते, आणि ती मागणी भाचीने या तक्त्यासकट मेट्रनकडे लेखी दिली आहे.