नंबरप्लेटवर नुसता ब्लर मारून आकडे जात नाहीत

असा एक फॉरवर्ड फिरतोय: "रस्त्यावरच्या फोटोत नंबरप्लेटवर काळी पट्टी मारून फोटोची वाट लावू नका. फोनच्या एडिटरमधूनच हलका ब्लर नाहीतर मोझॅक मारा, एकदम नॅचरल दिसतं, आणि एकदा सेव्ह केलं की परत कोणालाच वाचता येत नाही. गूगल पण तेच करतं."

काळी पट्टी डोळ्यात खुपते, इथपर्यंत मी सोबत आहे. त्यापुढचं सगळं चुकीचं आहे, आणि हे फॉरवर्ड करणाऱ्यांमुळे दुसऱ्याच्या गाडीचा नंबर उघडा पडतो म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मोझॅकचं बघू. मोझॅक मारला की सॉफ्टवेअर त्या भागाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात आतल्या पिक्सेलची सरासरी भरतं, म्हणजे अक्षरं पुसली जात नाहीत, त्यांचा सारांश उरतो. आता समजा पुण्यातल्या एखाद्या गल्लीत उभ्या स्कूटरचा मागून घेतलेला फोटो आहे, प्लेट फोटोत साधारण १८० पिक्सेल रुंद आणि ९० उंच, दोन ओळींची. खालच्या ओळीत सहा अक्षरं धरली तर एकेक अक्षर अंदाजे २४ पिक्सेल रुंद आणि ३५ उंच येतं. १० पिक्सेलचे चौकोन पाडले तर एका अक्षराच्या वाट्याला आठेक चौकोन येतात, म्हणजे करड्या रंगाच्या आठ वेगवेगळ्या छटा, आणि ८ आणि १ च्या छटा एकसारख्या येऊच शकत नाहीत. समोरच्याने मोझॅक उलटा फिरवायची गरजच नाही. तो कोरी प्लेट घेतो, तिच्यावर एकेक अक्षर टाकून बघतो, तसाच मोझॅक मारतो आणि कुठल्या अक्षराच्या छटा जुळतात ते तपासतो. आपल्याकडे तर हे अजून सोपं, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेटच येते, तिचा फॉन्ट ठरलेला, मापं ठरलेली. पुण्यातली गाडी म्हटल्यावर पहिला अंदाज एमएच १२, नाहीतर एमएच १४. सिरीजमध्ये आय आणि ओ वापरत नाहीत, म्हणजे दोन अक्षरांची ५७६ जोडपी, पुढे ९,९९९ आकडे, म्हणजे एका कोडला सगळे मिळून ५७ लाखांच्या आसपास नंबर. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही, आणि अक्षर-अक्षर सुटं तपासलं तर तेवढेही लागत नाहीत. फोटो तिरका असेल, वर परत कॉम्प्रेस झाला असेल तर काम अवघड होतं हे खरं, पण "अवघड" आणि "कोणालाच वाचता येत नाही" यात खूप अंतर आहे.

हलक्या ब्लरचंही तेच गणित, फक्त चौकोनांऐवजी पसरट छटा. पिळून फिरवलेला स्वर्ल इफेक्ट तर त्याहून कच्चा, २००७ मध्ये इंटरपोलने एका गुन्हेगाराचा असा फिरवलेला चेहरा उलटा फिरवून जाहीर केला होता आणि तो पकडला गेला. स्मज टूलने बोट फिरवल्यासारखं केलं तरी अक्षरांचेच पिक्सेल इकडचे तिकडे होतात. हो, चौकोन इतके मोठे केले की अख्खी ओळ दोनच चौकोनात आली, तर परत मिळण्यासारखं फार काही उरत नाही, पण मग ते नॅचरल कुठे राहिलं, ते ठिगळच झालं.

सेव्ह केलं की झालं, हेही धरून चालू नका. फोनमधला जाड मार्कर म्हणून जो वापरता तो बऱ्याचदा हायलायटर असतो, थोडा पारदर्शक, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट ताणला की खालचे आकडे वर येतात. मार्च २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमधला घोळ बाहेर आला, क्रॉप केलेली पीएनजी फाइल जुन्या फाइलच्याच जागी लिहिली जायची आणि नवी लहान असेल तर जुन्या चित्राचा शेपटाकडचा डेटा तसाच उरायचा, त्यातून मूळ चित्राचा भाग परत मिळत होता. नंतर दुरुस्ती आली, पण त्याआधी लोकांनी टाकलेल्या फाइल्स आपोआप थोड्याच दुरुस्त होणार. आणि मोशन फोटो चालू असेल तर जेपेगच्या मागे छोटा व्हिडिओ जोडलेला असतो, तुम्ही झाकता ते वरचं स्थिर चित्र, क्लिपमध्ये प्लेट उघडीच.

गूगलचं उदाहरण इथे लागू नाही. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूचे फोटो प्रचंड संख्येने असतात, ब्लर मशीनच मारतं, आणि काही सुटलं तर रिपोर्ट करायची सोय ठेवलेली आहे. तुमच्या हातात एकच फोटो आहे, त्यात दोन नाहीतर तीन प्लेट.

मग करायचं काय? मुद्दा क्रमाचा आहे. आधी खरे पिक्सेल पूर्ण घालवायचे, मग ते नॅचरल दिसण्याचं बघायचं. तीच स्कूटर घ्या, जिम्प या फोटो एडिटरमध्ये उघडा. प्लेटच्या फ्रेमच्या आतला पूर्ण भाग चार कोपरे धरून सिलेक्ट करा, फक्त अक्षरं नाही, कारण अक्षरांपुरतं झाकलं तर किती अक्षरं आणि कुठे बारीक १ आहे हे झाकणाच्या आकारावरूनच कळतं. फेदर जास्तीत जास्त १ पिक्सेल. इथे लोक हमखास फसतात, कड मऊ दिसावी म्हणून ५-६ ठेवतात आणि मग कडेला झाकण अर्धपारदर्शक होऊन पहिलं आणि शेवटचं अक्षर डोकावतं. नव्या लेयरवर १०० टक्के ओपॅसिटीने रंग भरा, पण पांढराशुभ्र नको, संध्याकाळच्या फोटोत प्लेट निळसर करडी असते, अक्षरांच्या मधला रंग दोन्ही टोकांकडून उचला आणि तसा ग्रेडियंट द्या.

कोरी प्लेट काही फोटोत चालून जाते, पण जवळच्या गाडीवर विचित्र दिसते. तिथे खोटी अक्षरं टाका, `XX 00 XX 0000`. एक्सएक्स नावाचं राज्य नाही आणि ०००० हा नंबर कोणाला मिळत नाही, त्यामुळे कोणाच्या खऱ्या गाडीवर ते जात नाही. मनानेच चार आकडे टाकू नका, ते कोणाचे तरी असतात. अक्षरं पर्स्पेक्टिव्ह टूलने प्लेटच्या कोनात बसवा, मग त्यावर हवा तेवढा ब्लर मारा, आता तो हलका ठेवला तरी चालतो कारण कोणी उलगडलाच तर त्याच्या हाती ती शून्यंच लागणार. शेवटी `Filters > Noise > RGB Noise` मधून थोडे दाणे घाला, २०० टक्के झूम करून शेजारच्या मडगार्डवरच्या दाण्यांशी जुळेपर्यंत. हे राहिलं की चिकटवलेलं दिसतं.

मग `Image > Flatten Image`, आणि एक्सपोर्ट नव्या नावाने जेपेगमध्ये, एक्झिफ, एक्सएमपी ही फोटोत लपलेली माहिती आणि थंबनेल, यांच्यासमोरची टिक काढून. मूळ फाइलवर ओव्हरराइट करू नका, आणि लेयर असलेली प्रोजेक्ट फाइल कोणाला पाठवू नका, त्यात खालची प्लेट जशीच्या तशी असते. एक्सपोर्ट झालेली फाइल परत उघडून लेव्हल्स दोन्ही टोकांकडून ताणून बघा, प्लेटवर अक्षरांची सावली दिसली तर झाकण कुठेतरी पातळ आहे. आत काही उरलंय का ते एक्झिफटूल या कमांड-लाइन प्रोग्रॅममधून असं दिसतं:

```
exiftool photo.jpg
```

यादीत थंबनेल, प्रिव्ह्यू किंवा मोशन फोटोची ओळ दिसली तर ती फाइल टाकू नका.

आणि नंबर फक्त प्लेटवर नसतो. ट्रक-टेम्पोच्या बाजूला रंगवलेला असतो, नव्या कारच्या पुढच्या काचेवर आतून लावलेल्या स्टिकरवर असतो, पावसाळ्यात ओल्या रस्त्यात किंवा शेजारच्या गाडीच्या दारात प्लेटचं उलटं प्रतिबिंब पडलेलं असतं. हे सगळं मूळ आकारात झूम करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. ज्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्ठं नाव आणि गावाचं स्टिकर आहे ती ओळखीच्यांना प्लेटशिवायही कळते, तिथे प्लेट कितीही नीट झाकली तरी उपयोग नाही, स्टिकरही घालवा नाहीतर दुसरी फ्रेम निवडा.