सगळ्यांना रिक्वायर्ड करा, कोणी राहून जायला नको

अंबडच्या एका कारखान्यातून परवा बैठकीचं निमंत्रण आलं. चौदा नावं, चौदाही रिक्वायर्ड, विषय ‘चर्चा’. असं निमंत्रण पाठवायला कसब लागतं, आणि ते आपल्या औद्योगिक वसाहतीत सगळ्यांनाच यावं म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवात अगदी सोपी आहे, कारण काहीच करायचं नाही. आउटलुकमध्ये नावं टाइप करत सुटा, ती आपोआप `Required` मध्ये जाऊन बसतात. गूगल कॅलेंडरमध्येही पाहुण्याच्या नावाशेजारचं माणसाचं छोटं चिन्ह दाबल्याशिवाय कोणी ऑप्शनल होत नाही, आणि ते चिन्ह कशाला आहे हे बघायला वेळ कोणाला आहे? कॅलेंडरं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या प्रमाणभाषेतही, म्हणजे 2009 च्या RFC 5545 मध्ये, तुमच्या आळसाची सोय करून ठेवली आहे. निमंत्रणाच्या पोटात प्रत्येकाची एक ओळ असते:

```
ATTENDEE;ROLE=OPT-PARTICIPANT;RSVP=TRUE:mailto:...
```

यातला `ROLE` लिहिलाच नाही, तर तो `REQ-PARTICIPANT` धरायचा असा नियम आहे. म्हणजे तुम्ही डोकं चालवलं नाहीत, तर ‘हा माणूस हवाच’ हे तुमच्या वतीने यंत्र ठरवून टाकतं. तुम्ही निर्धास्त राहा.

आख्ख्या विभागाचा ग्रुप पत्ता टाका. चाळीस माणसं एका झटक्यात अत्यावश्यक होतात.

आता वेळ ठरवणं. इथे मात्र जरा मेहनत घ्या, कारण खरी मजा इथेच आहे. समजा पॅनेलवरचा पावडर कोटिंगचा रंग निघतोय, माल परत आलाय आणि बैठक लावायची आहे. निर्णय आहे एकच: ही पावडरची बॅच पुरवठादाराला परत करायची, की आपल्या भट्टीचं तापमान आणि पॅनेलची धुलाई तपासायची. त्यासाठी माणसं लागतात तीन. पेंट शॉपचा सुपरवायझर, क्वालिटीवाला आणि ज्याच्या सहीने बॅच परत जाते तो पर्चेसवाला. पण तुम्ही तिघांवर थोडेच थांबणार? डिझाइन, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, सिन्नरच्या प्लांटमधले दोघे, सगळे रिक्वायर्ड. मग `Scheduling Assistant` उघडा आणि चौदाही जण मोकळे असतील अशी वेळ शोधा. सोमवारी अकाउंट्सचं ऑडिट, मंगळवारी डिस्पॅचची गाडी, बुधवारी सिन्नरवाले रस्त्यात. चौदा पट्ट्यांमध्ये एकत्र पांढरी जागा सापडते ती थेट शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला. लावा तिथेच! चार दिवस पेंट शॉप त्याच पावडरने पॅनेल रंगवत बसेल, रंग निघत राहील, पण बैठकीला ‘सगळे’ असतील.

आणि हे टाळायला काय लागतं? क्लासिक आउटलुकमध्ये त्याच पानावर `AutoPick` आहे, त्यात `Required People` असा पर्याय आहे. तो निवडला की फक्त रिक्वायर्ड माणसांची मोकळीक बघून वेळ शोधली जाते, ऑप्शनलवाले अडले तरी शोध थांबत नाही. तिघंच रिक्वायर्ड ठेवली असती तर सोमवारी दुपारी तीनची वेळ मिळाली असती. गूगलच्या `Find a time` मध्येही तेच, ज्यांच्यावाचून अडतं त्यांचेच रकाने बघायचे, बाकीचे सोडून द्यायचे. रिक्वायर्ड आणि ऑप्शनल हा मानपानाचा प्रकार नाहीच मुळी, वेळ शोधायची चाळणी आहे ती! पण नाही. आपल्याकडे निमंत्रण म्हणजे लग्नपत्रिका. एखाद्या काकांचं नाव छापायचं राहिलं की वर्षभर रुसवा.

तर मानपानाचं. आउटलुकमध्ये यादी मुद्दाम लपवली नसेल, तर कोण `Required` आणि कोण `Optional` हे आलेल्या प्रत्येकाला दिसतं. त्यामुळे साहेबांना कायम रिक्वायर्ड करा. ते येणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, पण यादीत त्यांचं नाव वर दिसलं की तुमच्या बैठकीला वजन येतं. त्यांच्याकडून शेवटपर्यंत उत्तर येत नाही, बाकीचे ‘साहेब येणार का?’ विचारत ताटकळतात, ते आपलं चालायचंच. सहीवाल्या माणसाला मात्र, तो फार कामात असतो म्हणून, आदराने ऑप्शनल करा. तो त्याचा सरळ अर्थ घेतो, ‘माझ्यावाचून होईल’, आणि येत नाही. मग दीड तास बोलून निष्कर्ष निघतो की त्यांना विचारून पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू.

कोणाचा काटा काढायचा असेल तर काल रिक्वायर्ड असलेल्याला आज, एक शब्द न बोलता, ऑप्शनल करा. तो दिवसभर विचार करेल की आपलं काय चुकलं. एक ओळ लिहिली असती, ‘आता तुमचा मुद्दा संपलाय, टिपण पाठवतो’, तर हा छळ चुकला असता. म्हणूनच लिहू नका.

ऑप्शनलवाल्याने हो म्हटलं की त्याच्या कॅलेंडरवर तो तास सहसा `Busy` दिसतो, रिक्वायर्डवाल्यासारखाच. तो माणूस नुसता कानावर पडावं म्हणून येणार होता हे तिसऱ्याला कळायची सोय नाही. त्याने `Show As` मध्ये जाऊन `Free` करायला हवं. तो करत नाही. मग त्याची वेळ शोधणारा चौथाच कोणीतरी दुसऱ्या दिवसावर जातो, आणि असंच अख्ख्या कारखान्याचं कॅलेंडर लाल होतं.

बरं, पुरे झाला हा सल्ला. सरळ बोलतो.

तुम्ही नावं टाकताना दोन सेकंद थांबत नाही, एवढंच आहे हे. प्रत्येक नावावर एकच विचारा: हा आयत्या वेळी आला नाही तर मी बैठक पुढे ढकलीन का? ढकलणार असाल तर रिक्वायर्ड. नसाल तर ऑप्शनल. बैठकीनंतरचं टिपण वाचून ज्याचं भागेल त्याला ऑप्शनलही करू नका, बोलवूच नका, टिपण पाठवा. ज्याला ऑप्शनल करताय त्याच्यासाठी निमंत्रणाच्या मजकुरात ओळ लिहा: का कळवतोय, आणि कोणता मुद्दा किती वाजता आहे, म्हणजे त्याला पाहिजे तर तेवढ्यापुरता येईल. विषयाच्या जागी ‘चर्चा’ लिहायची लाज वाटू द्या. ‘पावडरची बॅच परत करायची की नाही’ लिहा, म्हणजे माणसाला स्वतःलाच कळतं की आपण लागतो का.

आणि एक. ऑप्शनल केलेल्या माणसाने नकार दिला की त्याला फोन करून ‘का येत नाही?’ विचारता ना, ते बंद करा. तुम्हीच त्याला न येण्याची मुभा दिली होती. त्याने कारण द्यायचं नसतं. कारण रिक्वायर्डवाल्याने द्यायचं, आणि तो तर उत्तरच देत नाही, त्याला कधी विचारलंत?