पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन नेमका कुणाचा?

वादाला तोंड फोडले ते नानांनी. शाळेत पाठ केलेले समीकरण त्यांनी म्हणून दाखवले: कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू घेऊन पान सूर्यप्रकाशात ग्लुकोजचा १ रेणू बनवते व ऑक्सिजनचे ६ रेणू सोडते. कार्बन डायऑक्साइडच्या ६ रेणूंत ऑक्सिजनचे १२ अणू असतात आणि बाहेरही १२ अणूच पडतात. त्यामुळे पान कार्बन डायऑक्साइड फोडते, कार्बन पाण्याशी जोडून साखर करते आणि उरलेला ऑक्सिजन टाकून देते, असे त्यांचे म्हणणे होते.

वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मेधाताईंना हे मान्य नव्हते. काही जांभळे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरून प्रकाशात वाढतात. तेही कार्बन डायऑक्साइडच घेतात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत, त्यांच्याकडून गंधक तयार होते. यावरून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी तर्क केला की, हिरव्या पानात फुटते ते पाणी.

"जिवाणूंच्या साक्षीवर पानाचा निकाल कसा लावायचा?" हा अप्पांचा आक्षेप मला रास्त वाटला. त्यावर मेधाताईंनी रॉबिन हिल यांचा प्रयोग सांगितला. पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना हिल यांनी लोहाचा क्षार दिला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडविनाही प्रकाशात ऑक्सिजन निघाला आणि पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन लोहाने घेतले. पुढे १९४१ मध्ये रूबेन, केमेन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढवलेले पाणी दिले, तेव्हा बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमधले त्याचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळले. पाणी साधे ठेवून जड ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड पुरवणाऱ्या बायकार्बोनेटमधून दिला, तेव्हा मात्र बाहेरच्या वायूत तो वाढला नाही. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी आपसांत ऑक्सिजनची हळूहळू अदलाबदल करतात, म्हणून अशी मोजणी लवकर उरकावी लागते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

"मग प्रकाश साखर करतच नाही की काय?" असे अप्पांनी विचारले. थेट करत नाही, असे उत्तर मिळाले. हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा पाण्यातून इलेक्ट्रॉन काढण्यात खर्च होते; ते इलेक्ट्रॉन घेऊन एनएडीपीएच हा वाहक रेणू बनतो आणि त्याच ओघात ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू तयार होतो. या दोघांच्या बळावर हरितलवकातील द्रवात कार्बन डायऑक्साइडपासून आधी तीन कार्बनची साखर बनते आणि तिच्यापासून पुढे ग्लुकोज, सुक्रोज किंवा स्टार्च. साठा असेपर्यंत ही दुसरी पायरी अंधारातही क्षणभर चालू शकते.

नाना मात्र हिशेब सोडायला तयार नव्हते: पाण्याच्या ६ रेणूंत ऑक्सिजनचे ६ अणू, मग बाहेर १२ कुठून येणार? मेधाताई म्हणाल्या की, शाळेतले समीकरण आकसून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पाण्याचे १२ रेणू आत जातात आणि ६ नव्याने तयार होतात; कार्बन डायऑक्साइडमधल्या १२ अणूंपैकी ६ साखरेत राहतात आणि उरलेले ६ या नव्या पाण्यात जातात.