इंद्रधनुष्याची कमान पृथ्वीमुळे वाकत नाही

“इंद्रधनुष्य वाकलेले दिसते कारण पृथ्वी गोल आहे, आणि ते पाऊस थांबल्यावरच दिसते कारण पावसाने हवा धुऊन स्वच्छ होते,” असा एक समज आहे.

पहिल्या कारणाची परीक्षा अंगणातही घेता येते. सकाळी आठच्या सुमारास सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबावे आणि समोर बारीक तुषार उडवावेत. त्या तुषारांत रंगांची कमान उमटते. दोन-तीन मीटरच्या त्या फवाऱ्यात पृथ्वीच्या गोलाईचा काहीही संबंध येत नाही. कमानीचा मध्य मात्र नेमका आपल्या डोक्याच्या सावलीवर असतो आणि आपण सरकलो की तोही सरकतो.

खरे कारण थेंबाच्या आत आहे. सूर्यकिरण थेंबात शिरताना वळतो, मागच्या बाजूवरून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. थेंबाच्या मध्यावर पडलेला किरण आल्या वाटेने परततो. किरण जसजसा कडेकडे पडेल तसतसा परतीचा कोन वाढतो, पण लाल प्रकाशासाठी तो सुमारे 42 अंशांपर्यंत पोहोचून पुन्हा कमी होऊ लागतो. त्यामुळे या मर्यादेपाशी किरणांची दाटी होते. फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी एकेका किरणाचा मार्ग काढून ही दाटी दाखवली आणि ते गणित 1637 मध्ये प्रसिद्ध केले. जांभळ्या प्रकाशाची मर्यादा सुमारे 40 अंशांवर येते, म्हणून तो रंग आतल्या कडेला दिसतो. डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून 42 अंशांवर असलेले सगळे थेंब आपल्याला लाल दिसतात, आणि एका दिशेपासून समान कोनावरच्या सर्व दिशा मिळून वर्तुळच होते. त्याचा खालचा भाग जमिनीमुळे कापला जातो; विमानातून कधीकधी पूर्ण वर्तुळ दिसते ते यामुळेच.

आता दुसरे कारण. पाऊस थांबतो तो आपल्या डोक्यावरचा. जिथे धनुष्य दिसते तिथे तो त्या क्षणीही पडत असतो. स्वच्छ हवेने रंग अधिक उठून दिसतात, एवढे त्या दाव्यात खरे आहे, पण थेंबांवाचून नुसत्या स्वच्छ हवेतून धनुष्य उमटत नाही. वळवाची सर पूर्वेकडे सरकते, पश्चिमेचे आभाळ फाटते, कलते ऊन त्या सरीवर पडते, आणि सूर्य 20 अंश उंचीवर असेल तर कमानीचा माथा क्षितिजापासून 22 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या सुमारे दोन मुठींइतका वर दिसतो. सूर्य 42 अंशांच्या वर गेला की सगळी कमान क्षितिजाखाली जाते. म्हणूनच जूनमध्ये पुण्यात साधारण सकाळी सव्वानऊपासून दुपारी चारपर्यंत कितीही सरी येऊन गेल्या आणि हवा कितीही निवळली, तरी सपाट जमिनीवरून आकाशात इंद्रधनुष्य दिसत नाही.